झाकणाची आतली बाजू

स्टुडिओत तिला सगळे चौकटताई म्हणत, आणि तेही तोंडावर. तिला राग येत नसे. उलट नव्या माणसाला कुणी ‘ही आमची चौकटताई’ अशी ओळख करून दिली, की ती मान खाली घालून हसायची आणि लगेच त्याच्या पडद्यावरच्या वस्तूला चौकटी लावून तपासायला बसायची. बिचाऱ्याची पहिली दुपार तिथंच संपायची.

तिचं काम सांगायला सोपं होतं. संगणकावरच्या खेळात दिसणारी वस्तू, म्हणजे खुर्ची, कंदील, बादली, आधी घडवायची आणि मग तिची साल काढायची. पुठ्ठ्याचा खोका कडांवर कापून जमिनीवर सपाट पसरावा तसं. त्या सपाट सालीवर रंगवणारा रंग भरतो, आणि ती रंगलेली साल पुन्हा वस्तूवर बसते. साल काढण्याला ही मंडळी अनरॅप म्हणतात, आणि सुट्या झालेल्या तुकड्यांना आयलंड. कापायचं कुठं, हे मात्र कुणी सांगून येत नाही. काप समोर आला, तर लाकडाच्या रेषा तिथं मध्येच तुटतात आणि वस्तू ठिगळ लावल्यासारखी दिसते. म्हणून काप मागच्या बाजूला, धारदार कडेवर, लोखंडी पट्टीच्या खाली. अगदीच कमी कापलं तर साल सपाट होताना ताणली जाते, जास्त कापलं तर चिंध्या होतात.

हे सगळं नीट झालंय का ते कळायला काळ्यापांढऱ्या चौकटींचं कापड वस्तूवर पसरायचं. चौकट लांबुडकी दिसली तर तिथं ताण आहे. एकीकडे चौकटी बारीक आणि दुसरीकडे ढब्ब्या दिसल्या, तर कुणाला रंगाचे कण भरपूर मिळाले आणि कुणाच्या तोंडाला पानं पुसली गेली. याला टेक्सेल डेन्सिटी म्हणतात. ताईचं म्हणणं एकच: घरातल्या सगळ्या पोरांना सारखं वाढा. वस्तूवर कुठंही बघितलं तरी चौकट सारखीच दिसली पाहिजे, नाहीतर एक बाजू लख्ख आणि दुसरी धूसर, आणि खेळणाऱ्याला काय बिघडलंय ते न कळताही खोटं वाटू लागतं.

बोलायची मात्र ती फटकळपणे. कुणाच्या बादलीच्या बुडावर चौकट मोठी दिसली, की सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणायची, “बुडाकडे कोण बघतंय, असं वाटलं ना तुला? मी बघते.” लोक हसायचे. ज्याची बादली असायची तोही हसायचा, पण त्याचे कान लाल झालेले असायचे. ताईला ते लाल कान कधी दिसले नाहीत.

याच स्टुडिओत तिची भाची रंगकामाला लागली होती. थोरल्या बहिणीची मुलगी. रंगाचा हात उपजत चांगला. ताईनं तिचं काम कलाप्रमुखांना दाखवलं, त्यांनी घेऊन बघू म्हटलं. सध्या ती चाचणीवर होती आणि ताईच्याच घरी, आतल्या छोट्या खोलीत राहत होती. नातं सगळ्यांना माहीत होतं, म्हणून दोघीही जरा जास्तच जपून वागत. ऑफिसात भाची तिला इतरांसारखी ताईच म्हणे.

कलाप्रमुखांना सगळे आजोबा म्हणत, कारण ऐन तिशीत त्यांचे केस पांढरे झाले होते. वयानं ते ताईपेक्षा लहानच. त्यांनी भाचीला सरळ सांगितलं होतं, “तुला कायम करायचं की नाही, ते मी पेटीवर ठरवणार आहे.”

ही पेटी म्हणजे नव्या खेळातली मानाची वस्तू. लाकडी, फुगीर झाकणाची, लोखंडी पट्ट्यांची, चामड्याच्या दोन कड्या आणि पुढं जाडजूड कुलूप. खेळणारा तिच्यापाशी येतो, गुडघ्यावर बसतो, बघतो. ताईनं ती घडवली, साल काढली, आणि ती साल बघताना तिची तिलाच दृष्ट लागेल असं झालं. पट्ट्यांखाली लपलेले काप, चामड्याच्या कडीचा काप खालच्या अंगाला, कडी स्वतः फुटपट्टीसारखी सरळ उलगडलेली. आजोबांना आठही लोखंडी कोपऱ्यांवर वेगवेगळा गंज हवा होता, म्हणून प्रत्येक कोपऱ्याला वेगळी जागा दिलेली. सगळी साल एका चौकोनी पानावर गच्च, पण मध्ये मोजकं अंतर राखून मांडलेली.

आणि मग शुक्रवारी दुपारी खेळ लिहिणाऱ्यांनी कळवलं, की पेटी नुसती दिसणार नाही, उघडणार.

उघडणार म्हटल्यावर झाकणाला आतली बाजू हवी. ताईनं ती लगोलग घडवली, पण पानावर जागा कुठं होती? झाकणाएवढाच मोठा तुकडा, आणि उरलेली जागा तळहाताएवढी. सगळं पान पुन्हा मांडायला हवं होतं. पण शुक्रवार होता, डोकं दुखत होतं, आणि आजोबा दोनदा विचारून गेले होते. ताईनं तो तुकडा बारीक केला, इतका बारीक की त्याला हक्काच्या जागेचा जेमतेम तिसरा हिस्सा मिळाला, आणि कोपऱ्यात ढकलून दिला. सोमवारी नीट करू, असं मनाशी म्हणून तिनं पेटी ‘पक्की’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकली आणि घरी गेली. जिनं जन्मभर लोकांच्या बादल्यांची बुडं तपासली, तिनं स्वतःच्या झाकणाच्या बाबतीत तेच केलं.

शनिवार-रविवार तिला ते झाकण डोळ्यांसमोर दिसत राहिलं. सोमवारी ती लवकर पोहोचली. मागच्या बाजूचे चार कोपरे तिनं एकमेकांवर रचले, म्हणजे चौघांना मिळून एकच जागा आणि एकच रंग. मागचा गंज सारखा असला तर कोण मरतंय? त्यानं जागा झाली. झाकणाची आतली बाजू पूर्ण मापाला आणली, बाकीचे तुकडे सारख्या प्रमाणात किंचित आखडले आणि सगळं पान नव्यानं मांडलं. चौकटी लावून पेटी फिरवून फिरवून बघितली. कुठंही डाग नाही. मग तिनं ती ‘पक्की’ फोल्डरमध्ये त्याच नावानं, जुनीच्या जागी ठेवून दिली.

एवढं झाल्यावर एकच काम उरलं होतं. उठायचं, चार टेबलं ओलांडायची आणि भाचीला सांगायचं, की साल बदलली आहे, रंगवायला ही घे. कारण साल बदलली की जुन्या सालीवरचा रंग नवीवर बसत नाही. शेजाऱ्याच्या मापाचा सदरा आपल्या अंगात चढवल्यासारखं होतं. बाही पोटावर येते. पण सांगायला गेलं तर ‘का बदलली?’ हे आलं, आणि ते सगळ्या खोलीसमोर आलं. भाची अजून कंदीलच रंगवते आहे, शनिवारी ऑफिसात गेली तीही त्यासाठीच, पेटी ती बुधवारनंतर घेईल, असं ताईनं धरून चाललं. विचारलं नाही. धरून चालणं सोयीचं होतं.

भाचीनं कंदील शुक्रवारीच उरकला होता. शनिवारी सकाळी ती ऑफिसात आली, पेटी आपल्या यंत्रावर उतरवून घेतली आणि तेव्हापासून रंगवत होती. मावशीच्या पेटीवर आपला हात लागणार याचं तिला फार अप्रूप होतं. पूर्ण झाल्यावरच दाखवू, म्हणून घरीही काही बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात, मंगळवारी, पेटी खेळात बसवून मोठ्या पडद्यावर बघायची होती. बसवण्याचं काम ज्याचं, त्याला सगळे जोडारी म्हणत. त्यानं ‘पक्की’ फोल्डरमधली पेटी उचलली, भाचीनं दिलेला रंग तिच्यावर चढवला आणि खोलीतला दिवा मालवला.

पडद्यावर भलतंच काही आलं. कुलपाचा पितळी रंग झाकणाच्या मधोमध सांडला होता. चामड्याची शिलाई फळीवरून तिरकी धावत होती. एका बाजूला लाकडाच्या रेषा आडव्याऐवजी उभ्या, आणि पुढच्या पट्टीवर अर्धा कोपरा, तोही उलटा. मग मागून कुणीतरी फिसकन हसलं.

“हे काय आहे?” आजोबा म्हणाले.

भाची उभी राहिली होती. “माझ्याकडे नीट दिसतंय.”

आता खोली मोकळेपणानं हसली. त्यात दुष्टपणा नव्हता. ‘माझ्याकडे नीट दिसतंय’ हे या धंद्यातलं सर्वांत जुनं रडगाणं; प्रत्येकानं कधी ना कधी गायलेलं. पण भाचीचा चेहरा पांढरा पडला होता. “खरंच,” ती म्हणाली, “इथं येऊन बघा ना. माझ्या यंत्रावर रंग अगदी नीट बसलाय.”

ताईला एका नजरेत सगळं कळलं. पितळ कुठून सरकून कुठं आलं, कोपरा का उलटा, सगळं. तिनंच तर हलवलं होतं ते.

आजोबांनी दिवा लावला आणि तिच्याकडे वळले. “ताई, मध्ये पेटी बदललीत का तुम्ही?”

साधा प्रश्न होता. ‘हो’ म्हणायचं होतं. एक अक्षर. पण त्या एका अक्षरामागं झाकण होतं, आणि झाकणामागं सगळी वर्षं लाल झालेले सगळे कान होते. आणि तिला उत्तर सुचलं ते असं, की ज्यात शब्द एकही खोटा नव्हता.

“माझ्याकडून त्या शुक्रवारीच गेली होती ती,” ताई म्हणाली.

आजोबांनी मान हलवली. चौकटताई म्हणाली म्हणजे झालं. त्यांनी भाचीकडे बघितलं. भाचीच्या मनात काय जुळणी झाली कोण जाणे. ताईच्या फोल्डरांत ‘चालू’ आणि ‘पक्की’ शेजारी-शेजारी असत, हे तिला आठवलं असावं. ती म्हणाली, “माझीच चूक असेल. मी बहुतेक ‘चालू’मधली उचलली. सॉरी. सगळ्यांचा वेळ गेला.”

“अशी चूक नको,” आजोबा म्हणाले. आवाज चढवला नाही, आणि त्यानं ते जास्तच लागलं. “रंग चांगला आहे, तो दिसतोय मला. पण कुठली वस्तू हातात घेतली आहे ते न बघता काम करणारा माणूस मी कसा ठेवू? शुक्रवारपर्यंत नीट करून दाखव. मग बघू.”

भाची शेजारच्या खुर्चीत बसली. ताईच्या कोपराला तिचा कोपर लागला आणि तिनं तो पटकन मागं घेतला, जणू ताईलाही आपला डाग लागेल. ताई मूग गिळून बसून राहिली.

त्या संध्याकाळी दोघी एकाच बसनं घरी आल्या. वाटेत ताईनं तीन-चारदा तोंड उघडलं आणि दरवेळी भलतंच काही विचारलं: घरात दूध आहे का, छत्री आणलीस का. घरी आल्यावर बहिणीचा फोन आला. ताईनं नको असताना उचलला.

“कशी आहे गं आमची?” बहीण म्हणाली. “त्रास नाही ना देत? मी सगळ्यांना सांगते, धाकटीपाशी आहे म्हणून निर्धास्त आहे मी. कुणी काही बोललं तरी मावशी बसलीय तिथं.”

“हो,” ताई म्हणाली. “बसलीय.”

फोन ठेवून ती स्वयंपाकघरात गेली तर भाची ओट्यापाशी उभी, पातेलं घासत होती. पातेलं केव्हाच लख्ख झालं होतं.

“मावशी,” ती पाठमोरीच म्हणाली, “माझं काम गेलं तरी चालेल. दुसरीकडे मिळेल काहीतरी. पण सगळे म्हणतील, ताईनं आणलेली. तुझं नाव घालवलं मी.”

आता तरी सांग, ताईच्या आतलं कुणीतरी म्हणालं. आता इथं आजोबा नाहीत, जोडारी नाही, पडदा नाही. दोनच माणसं आणि एक पातेलं. पण ताईला वाटलं, उद्या सांगू, आज ती फार थकलीय. आपल्याला भीती वाटतेय, हे तिनं ‘तिला त्रास नको’ या नावाखाली खपवलं. तिनं भाचीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “होतं असं. माझ्याकडूनही झालंय.” आणि हे वाक्य तोंडातून गेल्यावर तिला स्वतःची इतकी किळस आली, की तिनं तो हात काढून घेतला. चोरानंच सांत्वनाला यावं, आणि वर मोठेपणाही मिळवावा!

सकाळी ती अशा बेतानं निघाली, की काहीतरी युक्ती करून निभावून न्यावं. जुन्या सालीवरचा रंग नव्या सालीवर उतरवता येतो. दोन्ही साली हातात असल्या की यंत्र ते करतं. थोडा धूसरपणा येतो, कापांपाशी डागडुजी करावी लागते, पण दिवसभरात होतं. भाचीला म्हणायचं, आण, मी उतरवून देते. काम होईल, नोकरी राहील, कुणाला काही कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. बसमध्ये तिला हा बेत इतका पटला, की ती जवळजवळ आनंदात होती.

भाची आधीच येऊन बसली होती. तिच्या पडद्यावर दोन पेट्या शेजारी-शेजारी होत्या, आणि दोन्हींवर चौकटी लावलेल्या.

“ताई, ये ना,” तिनं हाक मारली. “बघ, सापडलं मला. खरंच मी जुनी घेतली होती. ही माझ्याकडची, आणि ही ‘पक्की’मधली. सगळं वेगळं मांडलंय. नवी किती नीट आहे बघ.”

ताईनं बघितलं. डावीकडच्या पेटीचं झाकण उघडं होतं आणि आत चौकटी पसरल्या होत्या, बाहेरच्यांच्या तिप्पट ढब्ब्या. आंधळ्यालाही दिसाव्यात अशा.

“या जुनीत झाकण आतून असं होतं,” भाची म्हणाली. तिच्या आवाजात स्वतःवरचाच राग होता. “तेव्हाच कळायला हवं होतं मला. हे बघूनच. तू असं कधी देशील का? मावशीच्या हातचं नाहीये हे, एवढं तरी ओळखायला हवं होतं.”

ऑफिसात ती मावशी म्हणून गेली, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

ताईचा बेत तिथंच गळून पडला. मार खाल्ला असता तर सोसला असता. हा विश्वास सोसवेना. तिला वाटलं, ही मुलगी आता जन्मभर स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा ठेवणार नाही. समोर दिसलेलं खरं होतं, तिनं ते बरोबर बघितलं होतं, आणि केवळ मावशीवरच्या विश्वासापायी ते आपलं चुकलं असं ती मानून बसली आहे.

“ती जुनी नाही,” ताई म्हणाली.

“म्हणजे?”

“माझ्याच हातचं आहे ते. त्या शुक्रवारी मीच दिली ती, ‘पक्की’मध्येच. लगेचच्या सोमवारी बदलली. तुला सांगितलं नाही.”

भाचीनं तिच्याकडे बघितलं. पडद्यावरच्या ढब्ब्या चौकटींकडे बघितलं, पुन्हा ताईकडे. मग हळूच म्हणाली, “काल आजोबांनी विचारलं तुला.”

“हो.”

“मी तुझ्या शेजारीच होते.”

“हो.”

ताई तशीच आजोबांच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, मोठ्या पडद्यावर पुन्हा बघायचंय, सगळ्यांना बोलवा. आजोबा म्हणाले, शुक्रवारी आहे ना? ताई म्हणाली, आत्ता.

मंडळी हातात कप घेऊन आली. कुणी कालच्या उलट्या कोपऱ्यावर विनोद केला. ताई पडद्याच्या बाजूला उभी राहिली. लोकांच्या बादल्या दाखवायला ती याच जागी उभी राहत असे. तिनं भाचीच्या यंत्रावरची पेटी मागवली, चौकटी लावल्या आणि झाकण उघडलं.

“हे मी दिलं होतं,” ती म्हणाली. “जागा नव्हती, घाई होती, म्हणून आतली बाजू तिसऱ्या हिश्शात कोंबली. कुणी बघणार नाही, असं वाटलं. नंतर गुपचूप बदलली आणि रंगवणारीला कळवलं नाही. काल विचारलंत तेव्हा लपवलं. तिची काहीही चूक नव्हती. तिनं पक्कीच पेटी घेतली होती, पक्कीच रंगवली होती.”

खोलीत कुणी हसलं नाही. एखादा टोमणा आला असता तर ताईला बरं वाटलं असतं. जोडारी आपल्या कपात बघत होता. त्याची बादली तिनं एकदा अशीच सगळ्यांना फिरवून फिरवून दाखवली होती. तो वर बघेना. त्यालाच लाज वाटत होती, तिच्याऐवजी. ताईला आपले कान तापलेले जाणवले, आणि कान लाल होणं म्हणजे काय, ते इतक्या वर्षांनी कळलं.

आजोबा म्हणाले, “काल सांगितलं असतंत तर दोन मिनिटांचं काम होतं, ताई.”

“माहीत आहे.”

“बरं. यावर नंतर बोलू आपण दोघं.” ते जोडाऱ्याकडे वळले. “ही जुनी बसव आत. तिचा रंग चढव. बघू तरी काय केलंय पोरीनं.”

जोडाऱ्यानं दिवा मालवला. पेटी आली, आणि या वेळी पेटीच आली. फळ्यांवर हात फिरून फिरून झिजलेली तकाकी, पट्ट्यांच्या कडांना गंज, कुलपाच्या भोकाभोवती किल्लीचे ओरखडे, जसे घाईत अंधारात कुलूप उघडणाऱ्याकडून होतात. कुणीतरी हलकेच वा म्हणालं. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आता झाकण उघडणार हे तिला माहीत होतं. लख्ख पेटीत ती एक धूसर, विटकी जागा सगळ्यांना दिसणार. दिसू दे, तिनं मनाशी म्हटलं. माझीच आहे.

झाकण उघडलं.

आत फळी नव्हतीच. आतून मऊ कापडाचं अस्तर लावलेलं होतं, जुनं, तपकिरी मखमलीसारखं, जागोजाग लव झडलेलं, वर वर्षानुवर्षांची धूळ बसलेली. एका कोपऱ्यात ओल येऊन गेल्याचा पसरट डाग. कुठंही एक बारीक रेघ नाही, एक खिळा नाही, जे धूसर दिसलं तर डोळ्यांना खुपेल असं काहीच नाही. जे होतं ते मुळात मऊ, पसरट, अंधुक. रंगाचे कण कमी पडलेत हे दिसायला जागाच ठेवली नव्हती. बाहेरची लख्ख फळी आणि आतलं मिटल्यासारखं कापड, असंच असायला हवं होतं, असं वाटत होतं.

“अस्तर?” आजोबा पुढं झुकले. “नमुन्याच्या चित्रात तर अस्तर नव्हतं. कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही,” भाची म्हणाली.

“मग?”

“तिथं लाकूड रंगवलं असतं तर फिकं पडलं असतं. लक्षात आलं असतं.”

कुणाच्या लक्षात आलं असतं, ते ती बोलली नाही. बोलायची गरज कुणालाच वाटली नाही.

आजोबांनी पेटी उघडझाप करवली. मग म्हणाले, “हीच राहू दे खेळात. नव्या मांडणीवर हे उतरवायला नको. चालेल, ताई?”

ताईनं मान हलवली. आजोबांनी भाचीला सांगितलं, दुपारी माझ्याकडे ये, कायम करायच्या कागदाचं बघून टाकू. आणि मंडळी उठली. जाताना दोघा-तिघांनी भाचीच्या पाठीवर थाप मारली. ताईजवळून जाताना ते जरा वळसा घेऊन गेले, अवघडून.

खोलीत दोघीच राहिल्या. पडद्यावर पेटी उघडीच होती. ताईला वाटत होतं, मी हिला उघडं पडू दिलं. आणि त्याच्याही आधीपासून ही माझं झाकत बसली होती, एकटी, शनिवारी, कुणाला न सांगता. लाजेला तळ असतो असं तिला वाटलं होतं. नव्हता.

“तुला दिसलं होतं,” ती म्हणाली. “पहिल्याच दिवशी. मग मला विचारलं का नाहीस?”

भाची वायर गुंडाळत होती. “मला वाटलं, तुला घाई झाली असेल. आणि इथं विचारलं असतं तर सगळ्यांना ऐकू गेलं असतं.” तिनं वायरचा आणखी एक वेढा घेतला. “त्या शनिवारी घरी येऊन विचारलं असतं मी तुला, की मावशी, झाकणात काहीतरी गडबड आहे, तर काय म्हणाली असतीस तू?”

ताईला बरी उत्तरं पुष्कळ सुचली. कालपर्यंतची ताई त्यातलं एखादं निवडून देऊन मोकळी झाली असती.

“म्हणाले असते,” ती म्हणाली, “तुझंच काहीतरी चुकलं असेल, नीट बघ.”

भाचीनं मान हलवली. वायर गुंडाळून टेबलावर ठेवली आणि खुर्च्या आत सरकवायला लागली. ताई उठली आणि दुसऱ्या बाजूनं तीही खुर्च्या सरकवू लागली.